फटक्यांचा जमाखर्च

प्रस्तावना

गोव्यातील फातोर्डा येथील मैदानावर १३ मार्च २०२१ रोजी, महामारीच्या निर्बंधांमुळे प्रेक्षागार रिकामे असताना, मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोन संघांमध्ये इंडियन सुपर लीगचा जो अंतिम सामना झाला, त्याचा निकाल २-१ असा मुंबईच्या बाजूने लागला, एवढी नोंद स्पर्धेच्या दप्तरात कायमची झालेली आहे. परंतु हे तीन गोल कसकसे झाले याचा तपशील ज्याने लक्षपूर्वक पाहिला असेल, त्याला त्या नोंदीने समाधान वाटणार नाही. अठराव्या मिनिटाला मुंबईच्या अहमद जाहूने आपल्याच पेनल्टी क्षेत्रानजीक चेंडू गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला; एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूने मागून टाकलेला लांब चेंडू अडवण्याच्या प्रयत्नात मोहन बागानच्या तिरीच्या डोक्याला लागून स्वतःच्याच गोलरक्षकावरून जाळ्यात गेला; आणि नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे येऊनही चेंडू दूर सारू शकला नाही, तेव्हा बार्थोलोम्यू ओगबेचेने तो हस्तगत करून बिपीनसिंगकडे दिला आणि बिपीनने चषकाचा फैसला केला. या तीन प्रसंगांमध्ये कोणत्या संघाचे कर्तृत्व किती, प्रतिपक्षाचा प्रमाद किती आणि निव्वळ योगायोग किती, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. आणि त्या प्रश्नाला आजकाल जे एक आकडेबंद उत्तर दिले जाते, त्या ‘अपेक्षित गोल’ नावाच्या मापाची फोड करून दाखवणे, हे या प्रस्तावनेचे काम आहे.

तारोडी, डोंगरी, चौक, पाली, उत्तन या आमच्या गावांतील तरुण मंडळी भाईंदर स्थानकापर्यंत बसने आणि तेथून लोकलने अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचे सामने पाहायला जातात, परतताना भ्रमणध्वनीवर सामन्याचा तक्ता उघडतात, आणि गोलांच्या शेजारी दशांश चिन्हासह छापलेले १.३ किंवा ०.८ असे आकडे वाचून, ‘आपण खरे म्हणजे जिंकायला हवे होते’ किंवा ‘आज फुकट वाचलो’ असे निर्णय देतात. हे आकडे एक्स-जी या नावाने त्यांच्या तोंडी इतके रुळले आहेत की ते कोठून येतात याची चौकशी करण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. मला मात्र ती चौकशी अगत्याची वाटते, कारण ज्या आकड्याची घडण ठाऊक नाही त्याच्या आधारे एखाद्या प्रशिक्षकाला नालायक ठरवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

गोलाच्या दिशेने मारलेला प्रत्येक फटका हा स्वतंत्र प्रसंग मानायचा, आणि तशाच परिस्थितीत पूर्वी मारल्या गेलेल्या हजारो फटक्यांपैकी शेकडा किती फटक्यांचे गोल झाले, हे प्रमाण त्या फटक्याची किंमत म्हणून लिहायचे, एवढाच या मापाचा मूळ विचार आहे. पेनल्टीचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे, कारण तेथे चेंडू नेहमी ११ मीटरवर असतो, समोर एकटा गोलरक्षक असतो, आणि जगभरच्या नोंदींवरून शंभरांपैकी सुमारे ७६ ते ७९ पेनल्टी गोलात जातात. म्हणून पेनल्टीची किंमत ०.७६ किंवा ०.७९ अशी धरतात. चालू खेळातील फटक्यांना अशी एकच ठरीव जागा नसते, तेव्हा गणिती पद्धतीने प्रत्येक घटकाचा भार काढावा लागतो. त्यांत दोन घटक प्रधान आहेत: गोलापासूनचे अंतर, आणि त्या जागेवरून दोन खांबांमधील मोकळी जागा डोळ्याशी जो कोन करते तो कोन. गोल ७.३२ मीटर रुंद असतो. पेनल्टीच्या ठिकाणावरून त्याचा कोन सुमारे ३७ अंशांचा पडतो, समोरून साडेपाच मीटरवर तो ६७ अंशांपर्यंत वाढतो, तर २२ मीटरवर १९ अंशांपर्यंत आक्रसतो. आणि खेळाडू शेवटच्या रेषेजवळ बाजूला सरकला तर अंतर थोडे असूनही कोन जवळजवळ शून्य होतो. याशिवाय फटका पायाचा की डोक्याचा, आधीचा पास जमिनीवरचा की हवेतला, चेंडू चालू खेळातला की फ्री किकचा, ही परिस्थिती ध्यानात घेतली जाते. आणि ज्यांच्यापाशी अधिक तपशीलवार नोंदी आहेत ते गोलरक्षक आणि बचावपटू त्या क्षणी कोठे उभे होते हेही जमेस धरतात. एकाच सामन्याचे दोन संस्थांनी दिलेले आकडे पुष्कळदा जुळत नाहीत, त्याचे कारण त्यांच्या नोंदींचा सूक्ष्मपणा आणि त्यांनी योजलेले भार वेगवेगळे असतात हे आहे. त्यांपैकी कोणी लबाडी करीत असतो असे नव्हे.

मोजणीचा हा व्याप आजचा नाही. चार्ल्स रीप नावाच्या ब्रिटिश हवाईदलातील हिशेबनीस अधिकाऱ्याने १८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमधील स्विंडन येथील सामन्यात पेन्सिलीने नोंदी करण्यास आरंभ केला, पुढे आयुष्यभर त्या केल्या, आणि १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्या विद्वानांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. एक गोल पदरात पडण्यास साधारण नऊ-दहा फटके लागतात, ही रीपची नोंद आजही फारशी खोटी ठरलेली नाही. परंतु बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात, म्हणून संघांनी लांब चेंडू मारावा, हा जो निष्कर्ष त्याने काढला, तो पुढील अभ्यासकांनी सदोष ठरवला. कारण बहुतेक चढायाच मुळी तीन पासांच्या आत संपतात, तेव्हा गोलही तेथेच अधिक सापडणार, आणि लांबलेल्या चढायांची संख्या विचारात घेऊन प्रमाण काढले तर पारडे उलटे झुकते. रीपची ही चूक मी येथे मुद्दाम सांगतो. किती गोल झाले हे मोजताना, गोल होण्याची संधी किती वेळा आली होती, हा छेद सोडून चालत नाही. आणि ‘अपेक्षित गोल’ या मापाने हा छेदच प्रत्येक फटक्याला जोडून दिला, हे त्याचे खरे योगदान होय. २०१२ मध्ये सॅम ग्रीन यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधील गोल करणाऱ्या खेळाडूंच्या संदर्भात हे माप मांडले, २०१७ मध्ये बीबीसीने आपल्या सामन्यांच्या कार्यक्रमात ते दाखवावयास सुरुवात केली, आणि तेथून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

एका संघाच्या सर्व फटक्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या संघाचे सामन्यातील अपेक्षित गोल. परंतु बेरीज करताच काही माहिती लुप्त होते, आणि ती कोणती हे एका काल्पनिक सामन्यावरून समजून घेणे बरे. समजा, एका संघाने सबंध सामन्यात दोनच फटके मारले, परंतु दोन्ही गोलाच्या अगदी समोरून, प्रत्येकी ०.५ किमतीचे, आणि दुसऱ्याने दहा फटके मारले, प्रत्येकी ०.१ किमतीचे. दोघांचीही बेरीज बरोबर १ येते, आणि तक्त्यावर हे दोन संघ तुल्यबळ दिसतात. आता संभाव्यतेच्या नियमाने हिशेब केला तर पहिला संघ एकही गोल न करण्याची शक्यता शंभरात २५ आहे, दुसऱ्याची ३५. दोन किंवा अधिक गोल होण्याची शक्यता पहिल्याची २५, दुसऱ्याची २६. मात्र तीन गोल करणे पहिल्याला अशक्यच आहे, तर दुसऱ्याला शंभरात सात वेळा शक्य आहे. असा सामना पुनःपुन्हा खेळवला तर शंभरांपैकी सुमारे ३६ वेळा पहिला संघ जिंकेल, ३१ वेळा दुसरा, आणि उरलेल्या वेळी बरोबरी होईल. समान बेरजेच्या पोटात विजयाचा असा भिन्न वाटा असू शकतो. म्हणून एकूण आकडा वाचताना त्याच्या मागची फटक्यांची यादी वाचावी, असे मी आग्रहाने म्हणतो.

बेरजेत आणखी एक गफलत शिरते. एकाच चढाईत पेनल्टी अडवली गेली आणि परतलेल्या चेंडूवर लगेच दुसरा फटका बसला, तर ०.७६ आणि समजा ०.६० मिळून १.३६ भरतात, परंतु त्या चढाईतून एकाहून अधिक गोल होणे शक्यच नव्हते. दोन्ही फटके फुकट जाण्याची शक्यता ०.२४ गुणिले ०.४०, म्हणजे ०.०९६ आहे, म्हणून त्या चढाईची खरी किंमत ०.९ च्या आसपास. अंतिम सामन्यापूर्वी दोन आठवडे, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, बांबोळीच्या मैदानावर याच दोन संघांमध्ये साखळी सामना झाला. त्यात हर्नान सांतानाची फ्री किक आडव्या पट्टीवर आपटून परतली आणि ओगबेचेने ती डोक्याने आत घातली, तेव्हा अशीच फटक्यांची जोडी घडली होती. चांगले संकलक अशा जोडीचा हिशेब चढाईनिहाय करतात. सगळेच करतात असे मात्र नाही.

आता अंतिम सामन्याकडे पुन्हा वळू. तिरीच्या स्वयंगोलाची अपेक्षित गोलांत किंमत किती? शून्य, कारण मुंबईच्या कोणत्याही खेळाडूने फटका मारलाच नव्हता, आणि फटका नाही तर नोंद नाही. वस्तुतः तो गोल आकाशातून पडलेला नव्हता. बचावफळीच्या पाठीमागील मोकळ्या जागेत जाहूने हेतुपुरस्सर टाकलेला तो चेंडू होता, आणि तशा चेंडूंवर मुंबईच्या चढाया त्या मोसमात वारंवार उभ्या राहत होत्या. तिरीने डोके लावले नसते तर मागून धावणाऱ्या आघाडीवीराला कदाचित संधी मिळाली असती, कदाचित गोलरक्षकाने चेंडू सहज उचलला असता. माप या दोहोंपैकी कशाचीच कैफियत ऐकून घेत नाही. उलट नव्वदाव्या मिनिटाचा गोल पाहा. गोलरक्षक जागेवर नसताना, गोलासमोर थोड्या अंतरावरून मारलेला तो फटका असल्यामुळे कोणत्याही पद्धतीने त्याची किंमत भरघोसच येणार, आणि ती सगळी मुंबईच्या खात्यावर जमा होणार. परंतु त्या संधीच्या निर्मितीत ओगबेचेच्या चिकाटीइतकाच प्रतिपक्षाच्या गोंधळाचा वाटा होता. मोहन बागानच्या गोलाचीही तीच तऱ्हा: तो विल्यम्सच्या नावावर जमा झाला, पण त्याचे मूळ जाहूने गमावलेल्या चेंडूत होते. म्हणजे एकाच सामन्यात, एका ठिकाणी संघाने केलेले काम नोंदीतून निसटले आणि दुसऱ्या ठिकाणी प्रतिपक्षाचे दान संघाच्या कमाईत धरले गेले. माझ्या मते या मापाची मुख्य मर्यादा हीच आहे: ते फटक्याचे मोल सांगते, त्या फटक्यापर्यंत संघ कसा पोहोचला याबद्दल ते मूक आहे. गोलासमोरून सरकत गेलेला आणि कोणाच्याही पायाला न लागलेला क्रॉस, वेळेवर न दिलेल्या पासामुळे विझलेली चढाई, बचावपटूने फटका बसण्यापूर्वीच हिरावलेला चेंडू, यांपैकी कशालाच त्या तक्त्यात जागा नाही.

दुसरी मर्यादा खेळाडूच्या गुणवत्तेची आहे. तक्त्यातील प्रत्येक किंमत ही सर्वसामान्य खेळाडूची असते. फटका कोणी मारला हे बहुतेक पद्धती विचारीत नाहीत. त्याच अंतरावरून डोक्याने मारलेल्या चेंडूची किंमत पायाच्या फटक्याहून कमी धरली जाते, आणि सरासरीने ते न्याय्यच आहे. परंतु बांबोळीच्या त्या सामन्यात सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर डोक्याने गोल करणारा मुर्तदा फॉल हा सरासरी खेळाडू नव्हता. उंच अंगकाठीचा हा सेनेगाली बचावपटू फ्री किक आणि कॉर्नरच्या वेळी पुढे जाऊन डोक्याने गोल करण्यासाठी या स्पर्धेत ख्यातनाम होता. असा खेळाडू आणि असा चेंडू टाकणारा जोडीदार ज्या संघात आहे, तो संघ अपेक्षेपेक्षा अधिक गोल करू लागला तर तो सारा दैवाचा भाग आहे असे म्हणता येत नाही; आणि सारा कौशल्याचा आहे असे म्हणण्याची घाईही करता येत नाही.

ही घाई का करू नये, याचा हिशेब सोपा आहे. सर्गियो लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने त्या मोसमात साखळीच्या वीस सामन्यांत ३५ गोल केले, मोहन बागानइतकेच ४० गुण मिळवले, आणि परस्परांतील दोन्ही सामने जिंकल्यामुळे लीग शील्ड पटकावली. आता केवळ उदाहरणासाठी असे धरू की एखाद्या संघाने वीस सामन्यांत सरासरी ०.१ किमतीचे ३०० फटके मारले. त्याचे अपेक्षित गोल ३० झाले. निव्वळ नशिबाच्या हेलकाव्याने त्याचे प्रत्यक्ष गोल किती वरखाली होतील? तीनशे, ०.१ आणि ०.९ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले तर ५.२ येते; म्हणजे तीनांपैकी सुमारे दोन मोसमांत गोल २५ ते ३५ च्या दरम्यान पडतील, आणि उरलेल्या मोसमांत या सीमांच्याही बाहेर जातील. ज्याने ३० च्या जागी ३५ गोल केले त्याच्यापाशी विलक्षण आघाडीवीर आहेत असे एवढ्या पुराव्यावर म्हणता येणार नाही, आणि ज्याने २५ केले त्याचे आघाडीवीर कुचकामी आहेत असेही नाही. सबंध मोसमाची ही गत, तर एका सामन्यात १.८ विरुद्ध ०.९ अशा आकड्यांवरून ‘आम्ही लुटले गेलो’ असे म्हणणे कितपत टिकेल? एका दिवशी जाळ्यात काय आले यावरून उत्तनचा कोणताही नाखवा मोसमाचा अंदाज बांधत नाही. या मापाचे बळ दहा-बारा सामन्यांची बेरीज झाल्यावर दिसू लागते: पुढील सामन्यांत संघ किती गोल करील व किती खाईल याचा अंदाज आजवरच्या गोलांपेक्षा आजवरच्या अपेक्षित गोलांवरून अधिक चांगला बांधता येतो, हे अनेक देशांच्या साखळी स्पर्धांमध्ये तपासून पाहिले गेले आहे. सामने जिंकत असूनही ज्याचे अपेक्षित गोल प्रतिपक्षापेक्षा सातत्याने कमी पडताहेत, अशा संघाच्या चाहत्याने वेळीच सावध व्हावे.

सामन्यातील स्थितीप्रमाणे संघ आपला खेळ बदलतात, हीही गोष्ट आकड्यांच्या वाचनात विसरता येत नाही. आघाडीवर असलेला संघ मागे सरकतो, प्रतिपक्षाला दूरवरून फटके मारू देतो; पिछाडीवरचा संघ माणसे पुढे ढकलतो आणि त्याच्या फटक्यांची संख्या फुगते. म्हणून अखेरच्या अर्ध्या तासात जमा झालेले अपेक्षित गोल हे पुष्कळदा श्रेष्ठत्वाचे नव्हे, तर पिछाडीचे चिन्ह असते. अर्थात मागे सरकणे सुरक्षित असतेच असेही नाही. फातोर्डाच्याच मैदानावर २४ एप्रिल २०२४ रोजी उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफसी गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे होता, आणि नंतरच्या काही मिनिटांत लालियनझुआला छांगतेचे दोन व विक्रमप्रताप सिंगचा एक अशा तीन गोलांनी मुंबईने तो सामना ३-२ असा जिंकला. सामना संपल्यावरच्या एकेरी बेरजेवरून या उलथापालथीचा काहीच बोध होत नाही. मिनिटागणिक चढत जाणारी दोन्ही संघांची रेषा काढली, आणि तिच्यावर प्रत्येक गोलाची वेळ खुणावली, तरच कोण केव्हा वरचढ होता ते दिसते. या पुस्तिकेतील आलेख याच शिरस्त्याने काढलेले आहेत.

शेवटी आमच्या गावच्या मैदानांविषयी. पुस्तिकेच्या संकलकांनी स्थानिक सामन्यांच्याही नोंदी ठेवावयास घेतल्या आहेत, आणि युरोपातील व्यावसायिक सामन्यांवरून काढलेल्या किमती आपल्या मुलांच्या फटक्यांना लावाव्यात काय, असे त्यांनी मला विचारले होते. माझे मत तसे करू नये असे आहे. जेथे गोलाचे माप कमी-अधिक असते, जमीन खडबडीत असते, आणि गोलरक्षक दर सामन्याला बदलतो, तेथे त्या किमती परक्या ठरतात. स्वतःचा तक्ता बनवावा म्हटले तर किती फटके लागतील? एखाद्या जागेवरून दहात एक गोल होतो असे मानले, आणि तेथून मारलेल्या शंभर फटक्यांची नोंद जमली, तरी त्या प्रमाणाचा अंदाज शंभरात ४ ते १६ अशा ऐसपैस पट्ट्यात घुटमळतो. तो ८ ते १२ इतका आवळायचा तर नऊशे फटके हवेत, आणि तेही एकाच जागेवरचे. इतका संग्रह एका गावाच्या एका मोसमात होणे नाही. तेव्हा तूर्त किमतीचा रकाना कोरा ठेवून, फटका पेनल्टी क्षेत्राच्या आतून की बाहेरून, पायाचा की डोक्याचा, आणि त्यापूर्वीचा पास कोणी, कोठून दिला, एवढे चार रकाने प्रत्येक सामन्यात न चुकता भरावेत, अशी सूचना मी त्यांना केली. ती त्यांनी मान्य केली असून, तशा कोऱ्या तक्त्याचा नमुना पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर दिलेला आहे; पासाचा रकाना फटक्याच्या रकान्याइतकाच रुंद ठेवला आहे.

तारोडी, भाईंदर (पश्चिम)